अक्काच्या बोअरचं पाणी

पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या त्या खाजगी प्रयोगशाळेत श्रीरंगची एक वट होती. मालक वर्षातून चार वेळा उगवायचे, तेही सह्या करायला. बाकी सगळा कारभार श्रीरंगचा. आणि त्या कारभारात त्याच्या जिवाचं जिवलग काय, तर कोपऱ्यातल्या थंड खोलीतलं गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातले पदार्थ वेगळे करून दाखवणारं यंत्र. बायकोनं एकदा म्हटलं होतं, मला ताप आला तर तुम्ही गोळी आणता, त्या यंत्राला शिंक आली तर रात्रभर झोपत नाही. खोटं नव्हतं ते.

यंत्र एक आणि त्याला डिटेक्टर दोन. एक ज्योतीचा, एफआयडी. दुसरा इलेक्ट्रॉन पकडणाऱ्यांचा माग काढणारा, ईसीडी. ज्योतीचा म्हणजे घरातला रोजचा वरण-भात. रंगवाले यायचे, थिनरवाले यायचे, दारूचा अर्क तपासायला यायचे, त्या सगळ्यांचं त्याच्यावर भागायचं. ईसीडी मात्र सणाचं पक्वान्न. परदेशी जाणारी द्राक्षं, कॉफी, मिरी यांतले कीटकनाशकांचे अंश शोधायला तेवढा तो. त्याच्या पोटात किरणोत्सारी निकेलचा पत्रा, त्याची परवानगी वेगळी, नोंदवही वेगळी, दारावर पिवळी खूण. श्रीरंग त्याला कधी थंड होऊ द्यायचा नाही, त्यातला नायट्रोजन कधी बंद पडू द्यायचा नाही. अब्जातला एक भाग दाखवतो, असं तो पाहुण्यांना सांगायचा, आणि सांगताना त्याचा आवाज देवघरातल्यासारखा व्हायचा.

तर चौऱ्याण्णव साली त्याच्या थोरल्या बहिणीनं, अनुसूया अक्कानं, त्याला सांगितलं की आमच्या बोअरच्या पाण्याला वास येतो. अक्काचं घर यशवंतपूरच्या पलीकडे, नव्या लेआउटमध्ये. नळाचं पाणी दिवसाआड, तेही पहाटे तासभर. म्हणून भावजींनी, नरसिंहरावांनी, आवारात बोअर पाडली होती, आणि गल्लीतली आठ-दहा घरं तिथंच घागरी भरायची. अक्का कुणाला नाही म्हणायची नाही. आई लवकर गेली तेव्हा पाच वर्षांच्या श्रीरंगला तिनंच वाढवलं होतं.

घराच्या मागं गुलाबाची रोपवाटिका होती. श्रीरंगनं ती पाहिली, पाठीवर टाकी घेऊन औषध फवारणारा माणूस पाहिला, आणि त्याचं उत्तर तिथंच तयार झालं. रोपवाटिकेच्या कुंपणाला लागून एक बिनपाटीची पत्र्याची शेड होती, दाराशी पिंपं होती. तीही त्यानं पाहिली असणारच, डोळे होते त्याला. पण हुशार माणसाची एक खोड असते. त्याला उत्तर आधी सापडतं आणि प्रश्न मागाहून.

अक्काचं पाणी, मग त्याला साधा डिटेक्टर कसा चालेल? रविवारी सुटी मोडून तो प्रयोगशाळेत गेला. लिटरभर पाणी हेक्झेन नावाच्या द्रावकाबरोबर घुसळलं, हेक्झेनचा थर वेगळा केला, वाळवला, गरम पाण्यावर धरून आटवत मिलिलिटरभर केला आणि सुईनं ईसीडीत सोडला. एंडोसल्फान, लिंडेन, डीडीटी, सगळ्यांचे प्रमाण नमुने शेजारी चालवले. त्यांचे टोकदार डोंगर कागदावर उमटले. अक्काच्या पाण्याची रेघ मात्र सरळ गेली, पाटीवर ओढावी तशी.

अहवालात त्यानं लिहिलं ते खरंच होतं: क्लोरीनयुक्त कीटकनाशकांचे अंश आढळले नाहीत. तिथं थांबला असता तर बरं झालं असतं. पण अक्का म्हणाली, "हे इंग्रजी कोण वाचणार रे रंगा? गल्लीला कळेल असं स्वल्प लिहून दे." आणि त्यानं मोठ्या कानडी अक्षरात एक कागद लिहिला. पाणी तपासलं आहे, शुद्ध आहे, निर्धास्त प्या. खाली सही, हुद्दा, प्रयोगशाळेचा शिक्का. भावजींनी त्याला प्लॅस्टिक चढवून पंपाच्या खोलीच्या दारावर लावला. त्या दिवशी अक्कानं भावाला आग्रह करकरून चिरोटे वाढले.

तीन वर्षं गल्ली ते पाणी पीत राहिली.

सत्त्याण्णवच्या सुरुवातीला अक्काला जिना चढताना धाप लागायला लागली. हातापायांवर निळे डाग, हिरड्यांतून रक्त. आधी सगळे म्हणाले वय झालं. मग म्हणाले लोह कमी. तिला दोन बाटल्या रक्त चढलं आणि आठवड्यात पुन्हा चेहरा पांढराफटक. शेवटी मोठ्या इस्पितळात हाडातला मगज काढून तपासला. डॉक्टरांनी नरसिंहरावांना आणि श्रीरंगला खोलीत बोलावून घेतलं. मगज वाळून गेलाय, म्हणाले, रक्त तयारच होत नाही. औषधं देऊ, रक्त चढवत राहू, पण या वयात फार आशा धरू नका. काही महिने. कदाचित तेवढेही नाहीत.

भावजी खुर्चीत बसल्या बसल्या लहान झाले. श्रीरंगनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दोघांनी तिथंच ठरवलं की अक्काला हे सांगायचं नाही. रक्त कमी आहे, भरून येईल, एवढंच.

मग डॉक्टरांनी कागद पुढं ओढून नेहमीचे प्रश्न विचारले. काही औषधं घेत होत्या का? केस रंगवतात? पेट्रोल, थिनर, चपला चिकटवायचं सोल्युशन, असल्या कशाशी संबंध? बेंझिनशी?

"छे हो," नरसिंहराव म्हणाले. "गृहिणी आहे ती."

"पाणी कुठलं पिता?"

"बोअरचं. पण त्याची काळजी नको, डॉक्टर. हे माझे मेव्हणे, यांनी स्वतः तपासलंय. पार अब्जातला एक भाग दिसणाऱ्या मशीनवर."

ते हे अभिमानानं म्हणाले. बेंझिन हा शब्द ऐकताक्षणी श्रीरंगला सगळं कळलं होतं. कळायला नवीन काही लागलंच नाही. दर जूनमध्ये नव्या पोरांना तो हेच तर शिकवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं भावजींना न सांगता बोअरचं पाणी काठोकाठ बाटलीत भरलं, वर हवेचा बुडबुडाही राहू दिला नाही, आणि तडक पीण्या गाठलं. प्रयोगशाळेत सुखदा होती. पुण्याहून सहा महिन्यांपूर्वी आलेली, नवरा कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीत, ही एमएस्सी. हाताला सफाई आणि तोंडाला कुलूप नाही.

"सर, बोअर वॉटर ना? मग एक्स्ट्रॅक्शनला लावू का? ईसीडी रेडी आहे."

"नको," श्रीरंग म्हणाला. "हेडस्पेस करायचं."

पाण्यातलं जे उडून जाणारं असतं ते पाणी गरम केलं की वरच्या हवेत येतं. ती हवाच यंत्रात सोडायची. सुखदानं छोट्या कुप्यांत दहा-दहा मिलिलिटर पाणी घेतलं, मीठ घातलं, रबरी बूच बसवून वर ॲल्युमिनियमची टोपी आवळली आणि कुप्या साठ अंशांच्या पाण्यात ठेवल्या. शेजारी एक कुपी शुद्ध पाण्याची आणि दोन कुप्या बेंझिनचं मोजलेलं प्रमाण घातलेल्या.

तोवर श्रीरंगनं ज्योतीच्या डिटेक्टरला हायड्रोजन आणि हवा सोडून ठिणगी दिली. पट् असा बारीक आवाज झाला. त्यानं पान्याचं चकचकीत टोक नळीवर धरलं. टोकावर दव आलं, म्हणजे ज्योत लागली.

"आधी ईसीडीवर घाल," तो म्हणाला.

"पण सर, तुम्ही तर म्हणालात..."

"घाल म्हटलं ना."

तिनं तापलेल्या सुईनं कुपीतली हवा ओढून ईसीडीत सोडली. सुरुवातीला हवेतल्या ऑक्सिजनचा एक धक्का उमटला आणि मग रेघ सरळ झाली. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, सरळच. सुखदा खांदे उडवून म्हणाली, "क्लीन आहे सर."

"आता तीच हवा एफआयडीवर."

दुसरी कुपी, दुसरी सुई. इंटिग्रेटरचा कागद सरकू लागला. पाचव्या मिनिटाला पेन उचललं आणि चढत चढत कागदाच्या वरच्या काठाला जाऊन भिडलं. खाली आलं, थोडं चाललं आणि दुसरा डोंगर चढलं. प्रमाण नमुन्याचं बेंझिन बरोबर त्याच मिनिटाला आलं. दुसरा डोंगर टोल्यूइनचा निघाला. शुद्ध पाण्याच्या कुपीत काहीच नव्हतं. श्रीरंगनं वेगळ्या कॉलमवरही, पदार्थ वेगळे करणाऱ्या दुसऱ्या नळीवरही, चालवून पाहिलं, उगाच एखाद्या भलत्याच पदार्थावर आळ नको म्हणून. तिथंही तेच. कुठंतरी चुकलं असावं, यंत्र मळलेलं असावं, अशी त्याची मनोमन इच्छा होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या यंत्रानं खोटं बोलावं असं वाटत होतं.

सुखदानं हिशेब केला. लिटरला दीड मिलिग्रॅम बेंझिन. जागतिक मर्यादेच्या दीडशेपट.

"बापरे! कुणाचं आहे हे पाणी?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता पुढं म्हणाली, "पण मला एक कळत नाही सर. ईसीडी इतका सेन्सिटिव्ह, मग त्याला एवढंसुद्धा का दिसू नये?"

श्रीरंग स्टुलावर बसला. हे उत्तर त्याला तोंडपाठ होतं.

"त्या निकेलच्या पत्र्यातून जे निघतं ना, त्यानं नायट्रोजनमधून मंद इलेक्ट्रॉन सुटतात. त्यांचा एक ठरलेला प्रवाह चालू असतो. क्लोरीन, ब्रोमीन, नायट्रो असलं काही असणारा रेणू आला की तो इलेक्ट्रॉन गिळतो. प्रवाह घटतो. ती घट म्हणजे आपला डोंगर. जो गिळत नाही, तो आला काय न् गेला काय, त्या डिटेक्टरला पत्ता नाही. बेंझिन गिळत नाही. पेट्रोल, रॉकेल, काहीच गिळत नाही. अख्खी विहीर पेट्रोलनं भरलेली असली तरी तो सरळ रेघ काढेल."

"आणि एफआयडी जाळतो."

"जाळतो. कार्बन-हायड्रोजनचं जे येईल ते ज्योतीत जळतं, आयन होतात, ते मोजायचे. त्याला निवड नाही. म्हणून बेंझिन दिसतं. पण अब्जातला एक भाग एंडोसल्फान त्याला दिसणार नाही, तिथं ईसीडीच पाहिजे. बारीक कोणता आणि महाग कोणता, हे बघायचंच नाही. आपण काय शोधतोय ते बघायचं, मग डिटेक्टर." तो थांबला. "काय शोधतोय ते ठाऊक नसेल तर दोन्ही चालवायचे. आणि तरीही शुद्ध असं म्हणायचं नाही. हे हे आढळलं नाही, एवढंच म्हणायचं."

"पण सर, नेहमीसारखं एक्स्ट्रॅक्ट करून ते एफआयडीवर टाकलं असतं तर?"

"तरीही नसतं कळलं. हेक्झेन आटवताना बेंझिन त्याच्याबरोबर उडून जातं. मी..." सुखदानं त्याच्याकडं पाहिलं. मग जुन्या नोंदवहीतलं, टेबलावर उघडं पडलेलं चौऱ्याण्णवचं पान पाहिलं. तिच्या तोंडाला पहिल्यांदा कुलूप लागलं.

दुपारी तो अक्काकडं पोचला. वाटेत रोपवाटिकेच्या कुंपणाशी थांबून त्यानं ती पत्र्याची शेड नीट पाहिली. आत चार बायका मांडीवर चपलांचे तळ घेऊन ब्रशनं सोल्युशन फासत होत्या. मागच्या बाजूला खड्डा होता. एक माणूस पिंप धुऊन ते धुवण खड्ड्यात ओतत होता. कुणापासून काही लपवलेलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी शंभर पावलं चालला असता तर एवढं कळायला कसलंच यंत्र लागलं नसतं.

अक्का पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या खाटेवर पडून होती. कालच रक्त चढवल्यामुळं गालांवर थोडा रंग होता. भावजी औषध आणायला गेले होते.

"आलास? बैस रे. जेवलास का?"

"अक्का, ते बोअरचं पाणी पिऊ नकोस आजपासून."

ती उठून बसली. त्यानं एका दमात सगळं सांगितलं. बेंझिन, शेड, खड्डा. बेंझिन रक्ताला वाईट, एवढं म्हणाला. त्याच्या पुढचं गिळलं.

"पण तू तपासलं होतंस की."

"दुसऱ्या डिटेक्टरवर. त्याला बेंझिन दिसत नाही."

"हे तेव्हा ठाऊक नव्हतं तुला?"

खोटं बोलता आलं असतं. अक्कानं त्याचं कुठलंही खोटं मानून घेतलं असतं, लहानपणापासून घेतच आली होती.

"ठाऊक होतं," तो म्हणाला. "कॉलेजपासून ठाऊक होतं."

अक्कानं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. सायकलचं पंक्चर काढतात ना, त्या दुकानात येतो तसला वास होता. तू विचारलंच नाहीस वास कसला येतो ते. बाटली भरून घेऊन गेलास."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. श्रीरंगला लहान पोरासारखं रडू आलं, आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही. अक्कानं त्याच्या हातावर हात ठेवला. हात गार होता.

बाहेर पंप सुरू झाला. घागरींचा खडखडाट, बायकांचं बोलणं.

"सरी, असू दे, रडायचं मागाहून," अक्का म्हणाली. "आधी जा, त्यांना सांग. ती पलीकडची सौम्या, सातवा महिना आहे तिला. तिला वास सोसवत नव्हता. मीच म्हटलं, माझ्या भावानं पाहिलंय, खुशाल पी."

तो बाहेर गेला. सहा-सात बायका होत्या. त्यानं कानडीत सांगितलं की हे पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला घेऊ नका, यात विष आहे. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. एकीनं पंपाच्या तोटीखाली दुसरी घागर सरकवली. नळाचं पाणी परवा आलंच नव्हतं, म्हणाली, मग प्यायचं काय? दुसरी म्हणाली, बोअर बंद करायची असेल तर सरळ सांगा की, कारणं कशाला.

"अहो, मी स्वतः तपासलंय!"

"तेव्हाही तुम्हीच तपासलं होतं, सार," सौम्या म्हणाली. ती थट्टा करत नव्हती. तिनं दारावरच्या कागदाकडं हनुवटी केली. "तुमचीच सही आहे. आता तो खरा का हे खरं?"

त्यानं तो कागद ओढून काढला, फाडला. त्यानं काही झालं नाही. तो डिटेक्टरचं सांगू लागला, ज्योतीचं सांगू लागला, आणि बायका पाणी भरत राहिल्या. उन्हात घामाघूम होऊन एक माणूस काहीतरी बडबडत होता, एवढंच त्यांना दिसत होतं. सौम्यानं भरलेली घागर कमरेवर घेतली.

"अक्काही हेच पितात ना?" ती समजूत घालावी तशी म्हणाली. "तीन वर्षं पितात. आम्हाला काय होणार?"

ती वळली. श्रीरंगनं तिच्या कमरेवरची घागर धरली, पाणी दोघांच्या अंगावर सांडलं. डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती. पाण्यानंच झालं असं कुणी म्हटलं नव्हतं, म्हणणारही नव्हतं. पुराव्याच्या पलीकडचं तो आयुष्यात एकदाच बोलला होता, आता दुसऱ्यांदा बोलला.

"पितात म्हणून मरतायत!" तो ओरडला. "मगज वाळलाय त्यांचा. दोन-चार महिने राहिलेत. हे पाणी पिऊन मरतेय माझी अक्का, कळतंय का तुम्हाला?"

घागरी जिथल्या तिथं थांबल्या. सौम्याचे हात सुटले आणि तिची घागर फरशीवर आपटून कलंडली. पंप तेवढा चालू राहिला, पाणी आवारातून वाहत राहिलं. बायका त्याच्याकडं पाहत नव्हत्या. त्याच्या मागं, खिडकीकडं पाहत होत्या.

अक्का दोन्ही हातांनी गज धरून उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिनं आधी सौम्याला पाहिलं, मग भावाला.

"रंगा," ती म्हणाली, "पंप बंद कर."